रोपं आत्ता कुठं आहेत?

लग्नाआधी चार वर्षं मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरीला होते. तिथं माझं काम एकच. ज्यांनी आगाऊ रक्कम घेतली आणि माल पाठवायचं नाव घेतलं नाही, अशा लोकांच्या मागे लागायचं. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला फोन करून गोड आवाजात विचारायची, "माल कधी पाठवताय?" सगळे म्हणायचे, दोन दिवसांत. मी वहीत तसं लिहायची आणि खूश व्हायची.

आमच्या खरेदीच्या साहेबांनी ती वही बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "कधी पाठवता असं विचारायचं नाही. 'कधी'ला माणूस तोंडाला येईल ते ठोकून देतो. माल आत्ता कुठं आहे, हे विचार. त्याला बघायला उठावं लागतं. उठला नाही तर अडखळतो, आणि अडखळला की तुला कळतं." दुसरं त्यांनी शिकवलं ते असं की उत्तर लेखी मागायचं, आणि जमत नसेल तर 'जमत नाही' हेसुद्धा लेखीच मागायचं. हो किंवा नाही, दोन्ही चालतं. गप्प बसलेलं चालत नाही.

ही विद्या मला चांगलीच आली. पुण्याचे, भोसरीचे, कुठकुठले मालक माझा नंबर दिसला की पाणी प्यायचे. लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात कळंबला आले, नोकरी सुटली, आणि ती विद्या मी डब्यात ठेवून झाकण लावलं. सासरी फक्त किराणा दुकानदाराला विचारायचं असतं की गूळ आला का. तो 'न्हाय आला' म्हणतो आणि विषय संपतो.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही म्हणते. आमची सगळी शेती उसाची. ऊस लावायचा, तोडायचा, बुडख्यांतून फुटणारा खोडवा ठेवायचा, पुन्हा तोडायचा. आबांच्या मते याच्यापलीकडं शेती नाही, बाकी सगळे नखरे. माझे यजमान बारामतीला पाळीवर जातात, ते शेतीत तोंड घालत नाहीत. मी घालते. सहा वर्षं मी शेजारपाजारच्या केळीच्या बागा बघत होते, विचारत होते, वहीत लिहून ठेवत होते. ऊतिसंवर्धित केळी, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतून वाढवलेली रोपं, ती एकसारखी येतात आणि घड एकदम तयार होतात. विहिरीकडचं एक एकर मला द्या, असं मी आबांच्या कानीकपाळी दोन वर्षं ओरडत होते. त्या फेब्रुवारीत तिथला खोडवा कारखान्याला गेला आणि आबा ओसरीवर बसून अचानक म्हणाले, "घे बाई. ते एक एकर तुजं. बघू काय करतीस."

'तुजं.' मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला जमीन दिली होती. सातबाऱ्यावर नाही, नुसती तोंडानं, पण दिली होती. आणि तोंडानं दिलेलं तोंडानंच परत जातं, हेही मला ठाऊक होतं. हे एक एकर हुकलं तर आबा परत कधी 'तुजं' म्हणणार नव्हते.

रोपं आगाऊ नोंदवावी लागतात. बारामतीच्या वाटेवर एक मोठी रोपवाटिका आहे, हिरव्या जाळीखाली लांबच लांब रांगा. एप्रिलमध्ये मी आणि आबा मोटारसायकलवरून तिकडं गेलो. आबा चालवत होते, मी मागे पदर सावरत. वाऱ्यातून ओरडून आबांनी मला शिकवलं, "हे बघ, तितं घाई दावायची न्हाय. बैल घेताना बी आमी बाजारात तीन येडं मारायचो, मंग हात लावायचो. गरज कळली का भाव चडतो. घाई हाय म्हणायचं न्हाय आजिबात."

रोपवाटिकेचा मालक चाळिशीतला, हसऱ्या तोंडाचा, पांढरा शर्ट. आबांच्या मावसभावाच्या गावचा निघाला, मग काय, पाहुणेच. चहा आला, मावसभावाच्या गुडघ्याची चौकशी झाली. पंधराशे रोपं सांगितली. त्यानं जाड वही काढली, नाव लिहिलं, गाव लिहिलं, रोपामागे पाच रुपये आगाऊ घेतले, पावती दिली. मग पेन उचलून विचारलं, "ताई, नक्की कधी पायजेत?"

मला नक्की ठाऊक होतं कधी पाहिजेत. दसऱ्याला. फार तर त्यानंतर पंधरा दिवस. उशिरा लावलेलं कोवळं रोप थंडीत आखडून बसतं, हे माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं. पण आबा शेजारी बसलेले, मालक पाहुण्यांतला, आणि कानात ते बैलबाजाराचं ज्ञान ताजं. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "तशी काही घाई नाही. दसऱ्याच्या मागंपुढं द्या."

आबांनी मान डोलावली. सून शहाणी आहे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मालकानं वहीत काहीतरी खरडलं. पावतीवर 'रोपे उपलब्धतेनुसार' असं छापलेलं होतं, तारखेची जागाच नव्हती. कारखान्यात असा कागद कुणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी तो उलटा फेकला असता. त्या दिवशी मी त्याची घडी घालून पाकिटात ठेवली आणि वर चहा छान झाला होता म्हणून सांगितलं.

पावसाळ्यात त्या एकरात ताग पेरला आणि गुडघ्याच्या वर आल्यावर खतासाठी तिथंच गाडला. शेणखत टाकलं. भाद्रपदात गादीवाफे काढले, ठिबकच्या नळ्या टाकल्या. पाच फुटांवर एक खूण, वाफ्यावर काडी रोवून. पंधराशे नाही, पण चौदाशेच्या वर काड्या मी स्वतः रोवल्या. आबा बांधावर उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "काड्या तर झ्याक उगावल्यात." मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

घटस्थापनेला मी मालकाला पहिला फोन केला. "निघतायत, ताई, निघतायत. दोन दिवसांत सांगतो." हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं होतं. तरी मी थांबले. पाहुणे ना. दोन दिवसांनी फोन केला तर वाजून बंद झाला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी एकच घंटी वाजली आणि लगेच व्यस्त. एक घंटी वाजून व्यस्त म्हणजे काय, हे ज्यानं कुणाचा फोन टाळलाय त्याला समजावून सांगायला नको.

मग व्हॉट्सअॅप. 'नमस्कार भाऊ, रोपांचं काय झालं?' दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. 'भाऊ, शेत तयार आहे.' दोन निळ्या खुणा. दसरा गेला. आपट्याची पानं घेऊन लोक घरी आले, गेले, प्रत्येकानं विचारलं, "केळी लावणार व्हता नव्हं?" आबा माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, येतायत.

त्याहून वाईट म्हणजे त्याचं स्टेटस. मला एका शब्दाचं उत्तर न देणारा हा माणूस रोज सकाळी स्टेटस ठेवायचा. रोपांनी भरलेला टेम्पो, पुढं झेंडूचा हार, खाली लिहिलेलं 'आज अकलूजकडे रवाना'. दुसऱ्या दिवशी 'आज करमाळा'. मग 'टेंभुर्णी'. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी ते बघायची. टेम्पोतली पानं मोजायचा प्रयत्न करायची. त्याला दिसत असणार की मी बघतेय, आणि मला दिसत होतं की त्याला दिसतंय. कुणाच्या दाराशी उभं राहून आतल्या लोकांचं जेवण बघावं, तसं वाटायचं. राग इतका यायचा की हातातली फणी मोडावी. पण राग करून करणार काय? फोनवर चिडायला तरी पलीकडून कुणी तो उचलावा लागतो.

रोपवाटिकेच्या कार्यालयात फोन घेणारी एक बाई होती, पावतीवर तो दुसरा नंबर होता. ती बिचारी उचलायची. तिला मी साहेबांचा प्रश्न विचारला. "माझी रोपं आत्ता कुठं आहेत? ट्रेमध्ये आहेत का पिशवीत?" हा साधा प्रश्न नाही. प्रयोगशाळेतून रोप छोट्या ट्रेमध्ये येतं, तिथं ते महिनाभर सावलीत राहतं, मग पिशवीत जातं, तिथं पुन्हा महिना-दीड महिना. पिशवीत पाच-सहा पानं झाली की शेतात लावायचं. ट्रेमध्ये असेल तर दिवाळी विसरा. पिशवीत असेल तर किती पानांचं, ते सांगा. बाई अडखळली. म्हणाली, "पिशवीत हायत वाटतं, ताई. मालकांनाच ठाव. मी निरोप देते." मी विचारलं, किती पानं? ती म्हणाली, "मालक आले का सांगते." तिनं निरोप दिला असणार, मला खात्री आहे. निरोप पोचला. उत्तर निघालं नाही.

त्याच आठवड्यात आबा जेवता जेवता म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापातूर थांबतो. रोपं आली तर ठीक. न्हाय आली तर ऊस लावायचा. रान मोकळं ठिवायचं न्हाय मी." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. उसाची पूर्वहंगामी लागण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच नीट होते, आणि शेतकऱ्याला मोकळं रान बघवत नाही. पण एकदा ऊस लागला की लागणीचा एक, खोडव्याचे दोन, तीन वर्षं त्या रानाला केळीचं नाव घेता येत नाही. हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटी मागितली.

मग मी डब्याचं झाकण काढलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, एका हातानं भाजी हलवत, चार वर्षांची नोकरी आठवून पत्र लिहिलं. 'आपण अमुक तारखेस पंधराशे केळी रोपांकरिता आगाऊ रक्कम घेतली आहे, पावती सोबत जोडली आहे. घटस्थापनेनंतर आमच्या फोनला व संदेशांना आपले उत्तर नाही. कृपया पाच दिवसांत लेखी कळवावे. आमची रोपे सध्या कोणत्या अवस्थेत आहेत, ट्रेमध्ये की पिशवीत, व किती पानांची. आमच्या शेतावर ती कोणत्या तारखेस पोहोचतील. पाडव्याच्या आत देणे शक्य नसल्यास तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे आम्हास दुसरी व्यवस्था करता येईल व आगाऊ रक्कम परत घेता येईल.' खाली नाव, गाव, फोन. व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि कागदावर उतरवून इंदापूरच्या पोस्टातून स्पीड पोस्टानंही पाठवलं, पोचल्याची नोंद राहावी म्हणून.

आबांनी तो कागद पाकिटात जायच्या आधी वाचला. चष्मा काढला, परत लावला. "आसं लिवत्यात व्हय पावण्याला? ह्यो काय तहसीलदार हाय का? उद्या मावसभाव तोंड दावायला जागा ठिवल का मला?"

"आबा, मी शिवी कुठं दिली? नुसतं विचारलंय."

"इचारलं न्हाय, झाडाझडती घेतलीस."

तरी त्यांनी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पोस्टातून निघाले ते तशीच तालुका कृषी कार्यालयात गेले. तिथले अधिकारी सज्जन होते. पावती हातात घेऊन उजेडात धरली. "ह्याच्यावर तारीख कुठं आहे, ताई?" मी म्हणाले, तारीख नाही. "मग उशीर झाला असं कसं म्हणायचं?" मी पावती परत घेतली. ते म्हणाले, लेखी तक्रार द्या, आम्ही रोपवाटिकेकडून खुलासा मागवू, पण दिवाळीच्या आत काही हाती लागेल असं मी सांगत नाही. ग्राहक मंचाचाही रस्ता आहे, तो त्याहून लांबचा. मी तक्रार लिहून दिली, शिक्का मारून प्रत घेतली. बाहेर येऊन एसटीच्या थांब्यावर बसले. ज्या मुलीनं चार वर्षं लोकांचे कागद तपासले, तिचा स्वतःचा कागद असा कोरा निघावा. मला माझीच कीव आली आणि माझाच संताप आला.

पाच दिवस गेले. पोस्टाच्या नोंदीत पत्र पोचल्याचं दिसत होतं. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा. स्टेटसवर 'आज माढा'.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी मी एकटीच एसटीनं निघाले. घरी सांगितलं, दिवाळीचं सामान आणायला बारामतीला जाते. खोटं बोलले. सामान आणलंही नंतर, म्हणजे अर्धं खोटं. रोपवाटिकेच्या फाट्याला उतरले. जाळीखाली नेहमीसारखी हिरवी रांग होती, पिशव्यांतली रोपं, पाच पानं, सहा पानं, लावायला अगदी तयार. मी खाली बसून एका पानाला हात लावला. फार सुंदर होती. माझी असतील तर, असं मनात आलं आणि मी पटकन उठले.

मालक आत होता. मला बघून तो दचकला नाही, याचंच मला वाईट वाटलं. उलट खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. "या ताई. आबा कसे आहेत? तुमचं पत्र आलं. वाईट वाटलं बघा. आपल्या माणसाला असं पत्र पाठवायचं असतं का?"

मी म्हणाले, "आपल्या माणसानं फोन उचलायचा असतो." मी पावती त्याच्यासमोर ठेवली. "मला फक्त एवढंच सांगा, माझी रोपं आत्ता कुठं आहेत?"

 मग त्यानं ती जाड वही ओढली. खरं सांगते, तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, प्रयोगशाळेतली एक खेप बुरशीनं गेली, जेवढे ट्रे यायचे तेवढे आले नाहीत. नोंदी जास्त, रोपं कमी. "तुमची रोपं आली होती, ताई. पिशवीत होती, दसऱ्याच्या आधीच तयार होती. पण लोक दारात येऊन बसले. एक जण तर दोन दिवस इथंच मुक्कामाला. कुणाचा बोअर आटतोय, कुणी ट्रॅक्टर भाड्यानं आणून ठेवलेला. कुणाला तरी थांबवणं भाग होतं. मी वही बघितली."

त्यानं वही माझ्याकडं फिरवली. माझं नाव, कळंब, पंधराशे. आणि पुढच्या रकान्यात, जिथं इतरांच्या नावापुढं 'तातडीचे', 'पाच ऑक्टोबर', 'अजिबात उशीर नको' असं होतं, तिथं त्याच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द होते. 'घाई नाही.'

"तुम्हीच म्हणाला होता," तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता. "आणि मग तुमचे फोन यायला लागले. मला तोंड दाखवायला लाज वाटायची. म्हटलं, पुढची खेप आली की एकदमच सांगू."

मी त्या दोन शब्दांकडं बघत राहिले. भांडायला आले होते, सगळी वाक्यं तोंडपाठ करून आले होते. एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं. बाहेरची ती रोपं कुणाची, असं मी विचारलं. तो म्हणाला, भिगवणची, आज संध्याकाळी जाणार. त्या माणसानं आजची तारीख लिहून घेतली होती.

"मग माझी कधी?"

"फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. शब्द देतो."

"शब्द नको. लिहून द्या."

त्यानं मुकाट्यानं लिहून दिलं. रोपांची अवस्था, संख्या, तारीख, सही, शिक्का. 'तोवर नको असल्यास आगाऊ रक्कम आठ दिवसांत परत' हेही लिहिलं. साहेबांना दाखवावा असा कागद. इतकं पक्कं उत्तर मला चार वर्षांच्या नोकरीतही फार थोड्यांनी दिलं होतं. मी तो घेतला आणि चहा न पिता उठले. फाट्यावर एसटीची वाट बघताना रडले. तोंडावर रुमाल धरला होता, लोकांना वाटलं असेल धुळीमुळं.

पाडवा गेला. भाऊबीजेला माहेरी जाऊन मी संध्याकाळीच परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. गादीवाफे मोडून त्यानं सऱ्या पाडायला सुरुवात केली. माझ्या काड्या एकेक करून मातीखाली जाताना दिसत होत्या. ठिबकच्या नळ्या आदल्या दिवशीच गुंडाळून बांधावर ठेवल्या होत्या. उसाचं बेणं रात्रीच आलेलं, मोळ्या विहिरीजवळ रचलेल्या.

मी तो कागद घेऊन रानात गेले. आबा विहिरीच्या कठड्यावर बसून ट्रॅक्टर बघत होते. मी त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं, रोपवाटिकेत गेले होते तेही, फेब्रुवारीची तारीखही. वहीत काय लिहिलं होतं तेवढं नाही सांगितलं. आबांनी कागद बघितला, घडी घालून परत दिला. चिडले नाहीत. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो त्यांनी लग्नानंतर कधी ठेवला नव्हता.

"जाऊ दे, पोरी. खोडवं निघालं का बघू. तीन-चार वरसांनी लाव की. घाई काय हाय?"

ट्रॅक्टर वळला. त्याचा आवाज मोठा होता म्हणून, की आता काहीच राहिलं नव्हतं म्हणून, कोण जाणे, पण मी ओरडूनच बोलले.

"मला घाई हाय, आबा. मला लई घाई हाय."

आबांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग ते अगदी खरेपणानं म्हणाले, "मंग तितं का न्हाय बोललीस?"

ते विसरले होते. मोटारसायकल, वारा, बैलबाजार, तीन येडं, सगळं. बोलले ते बोलले आणि सोडून दिलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आठवण करून द्यायला माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण त्यांचा हात आत्ताच माझ्या डोक्यावरून खाली आला होता. मी सून होते, आणि ज्यानं 'तुजं' म्हटलं त्याला तोंडावर 'तुमच्यामुळं' म्हणणं माझ्यानं झालं नाही.

आबा उठले, धोतर झाडलं, म्हणाले, "चल, बेणं तोडून घिऊ. माणसं येतीलच."

मी कागद कमरेला खोवला, विहिरीजवळ जाऊन बसले आणि पहिली मोळी सोडली.